व्हीपीएन लावल्यावर खात्यावर मर्यादा का येते: तीन सूचना, तीन वेगळी कारणं

प्रश्न: "दुसऱ्या देशातला कॅटलॉग बघायला मी पैसे भरून व्हीपीएन घेतलं. चार-पाच दिवस छान चाललं. मग पडद्यावर 'तुम्ही प्रॉक्सी वापरताय' अशी सूचना आली, दोन दिवसांनी पासवर्ड बदला म्हणून ईमेल आला, आणि आता खात्याचा देश बदलायला गेलो तर बदलता येत नाही. मी दर महिन्याला पैसे भरतोय, काही चोरत नाहीये. मग मर्यादा कशासाठी? खातं बंद होईल का?"

उत्तर:

तुम्हाला आलेल्या तीन सूचना म्हणजे एकाच शिक्षेच्या चढत्या पायऱ्या नाहीत. त्या तीन वेगळ्या यंत्रणांकडून आल्या आहेत आणि त्या यंत्रणांचं एकमेकींशी फारसं बोलणंही नसतं. पहिली प्रसारणाचे हक्क सांभाळते, दुसरी तुमचं खातं चोरांपासून सांभाळते आणि तिसरी पैसे नि कराचा हिशेब सांभाळते. मी नऊ वर्षं एका व्हिडिओ सेवेच्या खाते-विभागात आहे. अडकलेली खाती सोडवणं हे रोजचं काम, आणि त्यात बहुतेकांची गल्लत इथेच होते. तिन्ही सूचनांवर एकच उपाय करायला जातात, तो म्हणजे दुसरा सर्व्हर निवडणं. त्यातूनच साधी सूचना खऱ्या मर्यादेपर्यंत जाते.

कोणती सेवा, कोणता प्लॅन आणि खातं कुठे उघडलंय यावर बरंच अवलंबून आहे. ते तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जे सगळीकडे साधारण सारखं चालतं तेवढंच सांगते. जिथे सेवेगणिक फरक पडतो तिथे तसं म्हणेन.

आधी पडद्यावरची सूचना. चित्रपट किंवा मालिकेचे हक्क देशागणिक विकले जातात. एकच चित्रपट एका देशात तुमच्या सेवेकडे असतो, शेजारच्या देशात तो एखाद्या वाहिनीने घेतलेला असतो आणि तिसऱ्या देशात अजून कुणीच घेतलेला नसतो. हक्क विकणाऱ्याच्या करारात अट असते की ठरलेल्या प्रदेशाबाहेर चित्रपट दिसू नये म्हणून सेवेने तांत्रिक बंदोबस्त करावा आणि तो वेळोवेळी सुधारत राहावा. म्हणजे तुम्ही पैसे भरता हे खरं असलं, तरी त्या पैशांतून सेवेने तुमच्या देशापुरता हक्क घेतलेला असतो. दुसऱ्या देशाचा कॅटलॉग बघितला की तिथे कुणीतरी विकत घेतलेल्या हक्काचा भंग होतो, आणि त्याचा जाब सेवेला द्यावा लागतो, तुम्हाला नाही. म्हणून ही सूचना तुमच्याबद्दल नसते. ती तुम्ही ज्या पत्त्यावरून आलात त्या पत्त्याबद्दल असते.

तो पत्ता व्हीपीएनचा आहे हे कसं कळतं? इंटरनेटवरचा प्रत्येक आयपी पत्ता कुठल्या तरी नेटवर्कच्या नावावर नोंदलेला असतो. त्या नेटवर्कला एएसएन नावाचा क्रमांक असतो आणि ते घरगुती ब्रॉडबँडचं आहे, मोबाइल कंपनीचं आहे की सर्व्हर भाड्याने देणाऱ्या डेटा सेंटरचं आहे, हे उघड असतं. मॅक्समाइंडसारख्या कंपन्या पत्त्यावरून देश सांगणाऱ्या याद्या विकतात, आणि व्हीपीएन, प्रॉक्सी, होस्टिंग असे शिक्के मारलेल्या याद्याही विकतात. डेटा सेंटरमध्ये बसून कुणी मालिका बघत नाही. त्यामुळे तिथल्या पत्त्यावरून चित्रपट मागितला गेला की संशयाला जागा उरत नाही.

पण यादीवर सगळं चालत नाही. सेवेला स्वतःच्या नोंदींतही बरंच दिसतं, आणि तिथली एक गोष्ट मी स्वतः शेकडो वेळा पाहिली आहे. एका पत्त्यामागे हजारभर खाती दिसली म्हणून तो व्हीपीएन ठरत नाही, कारण मोबाइल कंपन्याही अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. फरक दिसतो तो त्या खात्यांच्या मुळात. मोबाइल कंपनीच्या पत्त्यामागची जवळजवळ सगळी खाती त्याच देशात उघडलेली असतात आणि त्यांची कार्डंही तिथलीच असतात. व्हीपीएनच्या पत्त्यामागे मात्र एकाच संध्याकाळी वीस-तीस देशांत उघडलेली खाती दिसतात आणि सगळी एकाच देशाचा कॅटलॉग मागत असतात. हे चित्र एकदा दिसलं की तो पत्ता ओळखायला बाहेरची यादी लागत नाही.

तुमचे चार-पाच दिवस छान का गेले याचं उत्तरही इथेच आहे. व्हीपीएन कंपनीने नवे पत्ते भाड्याने घेतलेले असतात, तोवर त्यांच्यावर शिक्का बसलेला नसतो. लोक त्या सर्व्हरवर गर्दी करतात, वर सांगितलेलं चित्र तयार होतं आणि पत्ता यादीत जातो. तुम्ही पाचव्या दिवशी वेगळं काहीच केलं नव्हतं. पत्त्याची मुदत संपली, एवढंच.

अनेकांना पडणारा आणखी एक प्रश्न इथेच सुटतो. यादीत चित्रपट दिसतो, पोस्टर दिसतं, पण प्ले दाबल्यावर सूचना येते, असं का? कारण तपासणी दोनदा होते. कॅटलॉग दाखवताना फक्त पत्त्याचा देश बघितला जातो आणि ती तपासणी ढोबळ असते. प्ले दाबल्यावर मात्र चित्रपटाचं कुलूप उघडणारी किल्ली मागितली जाते. वाइडवाइन, प्लेरेडी, फेअरप्ले ही नावं तुम्ही वाचली असतील, ती याच कुलुपांची. किल्ली देणं म्हणजे हक्क वापरणं, म्हणून खरी कडक तपासणी तिथे असते.

नेटफ्लिक्सने जानेवारी 2016 मध्ये, एका फटक्यात 130 नव्या देशांत सेवा सुरू केल्यावर साधारण आठवडाभराने, प्रॉक्सी आणि अनब्लॉकरवर कडक होणार असल्याचं जाहीर केलं. आज त्यांची पद्धत अशी आहे की व्हीपीएन ओळखू आलं तर ज्यांचे जगभराचे हक्क त्यांच्याकडे आहेत तेवढेच कार्यक्रम दिसतात, आणि काही वेळा M7111-5059 हा कोड असलेली सूचना येते. खातं चालूच राहतं. जाहिरातींच्या प्लॅनवर आणि थेट प्रसारणाला मात्र व्हीपीएन मुळातच चालत नाही, कारण जाहिरातही देश बघून विकलेली असते. अटींमध्ये खातं बंद करण्याचा अधिकार बहुतेक सगळ्या सेवा राखून ठेवतात. पण नुसती ही सूचना आली म्हणून खातं बंद झालेलं माझ्या कामात मी पाहिलेलं नाही. पडद्यावरच्या सूचनेपुरतं तुम्ही निर्धास्त राहा.

पासवर्डाचा ईमेल ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिच्यावर मी जरा थांबणार आहे. खरी अडचण इथून सुरू होते.

एक प्रकरण सांगते. माणूस कोण ते कळू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत, वेळांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. खातं जर्मनीत उघडलेलं. रात्री 8:50 ला ग्राहकाचा फोन घरच्या वाय-फायवर होता, तशी नोंद होती. 9:04 ला घरच्या टीव्हीवर मालिका सुरू झाली, तीही घरच्याच ब्रॉडबँडवरून. 9:26 ला तोच फोन जपानमधल्या डेटा सेंटरच्या पत्त्यावरून आला. 9:31 ला व्हीपीएन तुटलं आणि आपोआप दुसऱ्या सर्व्हरला जोडलं गेलं, तो सर्व्हर नेदरलँड्समध्ये होता.

आता हे सुरक्षा यंत्रणेच्या नजरेने बघा. एकाच खात्यावर एक जण जर्मनीत आणि दुसरा जपानमध्ये, यात वावगं काही नाही. कुटुंबातलं माणूस प्रवासाला जातं. तेवढ्याने आमची यंत्रणा कधीच हलली नसती. पण प्रत्येक उपकरणाची ओळख अ‍ॅपकडे असते, आणि इथे तोच फोन छत्तीस मिनिटांत जर्मनीतून जपानला पोचला होता. अंतर सुमारे 9,000 किलोमीटर. प्रवासी विमान ताशी साधारण 900 किलोमीटरने जातं, म्हणजे सरळ उडालं तरी दहा तास हवेत. आणि तिथून पाच मिनिटांत युरोपात परत. याला आमच्याकडे 'अशक्य प्रवास' म्हणतात. याची कारणं दोनच असू शकतात: ग्राहकाने व्हीपीएन लावलंय, किंवा लॉगिनची खूण चोरून कुणीतरी दुसऱ्या यंत्रावर तोच फोन असल्याचं भासवतंय. बाहेरून ही दोन्ही अगदी सारखी दिसतात.

एवढ्यावर फक्त खात्रीचा ईमेल गेला असता. पण त्या जपानी पत्त्याला त्याच तासात आणखी एक पाहुणा होता. चोरलेल्या ईमेल-पासवर्डच्या जोड्या एकामागून एक शेकडो खात्यांवर लावून बघणारं एक स्वयंचलित यंत्र त्याच पत्त्याआडून काम करत होतं. व्हीपीएनचा पत्ता सामाईक असतो. तुम्हाला ज्या कारणासाठी तो हवासा वाटतो त्याच कारणासाठी चोरालाही हवासा वाटतो. म्हणून पत्त्याची पत आधीच घसरलेली होती. त्यात अशक्य प्रवासाची भर पडली आणि यंत्रणेने सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करून पासवर्ड बदलायला सांगितलं. यात कुणी माणूस बसून निर्णय घेत नव्हता आणि शिक्षा करण्याचा हेतूही नव्हता. खातं खरंच चोरीला गेलं असतं तर ग्राहकाने याच गोष्टीसाठी आभार मानले असते.

पुढे त्या ग्राहकाने जे केलं ते फार जण करतात. तो वैतागला, व्हीपीएन पुन्हा जपानला जोडलं आणि तिथूनच पासवर्ड बदलायला गेला. आता यंत्रणेला काय दिसलं? ज्या पत्त्यावरून खात्यांवर हल्ला चालू आहे, त्याच पत्त्यावरून कुणीतरी खात्याचा पासवर्ड बदलायला आलंय. चोर अगदी हेच करतो. म्हणून पासवर्ड बदलणं अडवलं गेलं आणि ओळख पटेपर्यंत खातं रोखून धरलं गेलं. रात्री नऊ वाजता जी साधी खबरदारी होती, ती दहा वाजता खरी मर्यादा झाली. व्हीपीएन बंद करून घरच्या वाय-फायवरून, नेहमीच्या टीव्हीजवळ बसून त्याने पासवर्ड बदलला असता तर दोन मिनिटांत सुटला असता. प्रत्यक्षात त्याला दोन दिवस लागले.

तुमचं काम बहुधा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असेल. ईमेल पडद्यावरच्या सूचनेनंतर दोन दिवसांनी आला म्हणता, यावरून वाटतं की तुम्ही त्या दोन दिवसांत बरेच सर्व्हर बदलून पाहिले असतील. प्रत्येक बदल म्हणजे सुरक्षा यंत्रणेच्या वहीत एक नवा देश.

तिसरी गोष्ट देश बदलण्याची. इथे लोकांना वाटतं की पत्ता जपानचा आणि खातं दुसरीकडचं, म्हणून गडबड झाली, तर खात्याचा देशच जपान करून टाकू, म्हणजे सगळं जुळेल. जुळत नाही, उलट बिघडतं. पत्त्याचं काम फक्त 'आत्ता कुठे आहात' एवढं सांगण्याचं आहे. खात्याचा देश मात्र 'तुम्ही कुठले ग्राहक आहात' हे सांगतो, आणि किंमत, चलन, कर हे सगळं त्यावर ठरतं.

कराचं उदाहरण देते, कारण यामागचा सगळा कडकपणा त्यातून समजतो. युरोपीय संघात 1 जानेवारी 2015 पासून व्हिडिओ, संगीत अशा डिजिटल सेवांवर ग्राहक ज्या देशात राहतो त्या देशाचा व्हॅट लागतो. ग्राहक कुठला हे ठरवायला मोठ्या सेवेकडे एकमेकांशी विसंगत नसलेले दोन पुरावे असावे लागतात. बिलाचा पत्ता, बँकेचा देश, आयपी पत्ता, मोबाइलच्या सिमचा देश, असे पुरावे चालतात. आता विचार करा: आयपी पत्ता एका देशाचा, कार्ड दुसऱ्या देशाचं, आणि अ‍ॅप ज्या स्टोअरमधून घेतलंय ते तिसऱ्याच देशाचं. हिशेब विभागाला कर कुणाकडे भरायचा हेच कळत नाही. तुमच्यासाठी तो एक मेनू असतो, त्यांच्यासाठी तो कर-तपासणीत दाखवायचा कागद असतो. म्हणून देशाचा रकाना सहज बदलू देत नाहीत.

कार्ड खोटं बोलत नाही हेही लक्षात घ्या. कार्डाच्या सुरुवातीच्या सहा ते आठ अंकांवरून ते कुठल्या बँकेचं आणि कुठल्या देशातलं आहे ते कळतं. व्हीपीएनने पत्ता बदलतो, कार्डाचे अंक बदलत नाहीत.

खरी कारवाई जिथे झालेली आहे ती याच तिसऱ्या जागी. दुसऱ्या देशाचा कॅटलॉग बघणं आणि दुसऱ्या देशाच्या स्वस्त दराने वर्गणी घेणं या दोन गोष्टी सेवेच्या दृष्टीने फार वेगळ्या आहेत. यूट्यूबने 2024 मध्ये स्वस्त दराच्या देशातून व्हीपीएन लावून घेतलेल्या प्रीमियम वर्गण्या रद्द करायला सुरुवात केली. स्टीम या गेमच्या दुकानाने 2021 मध्ये देश बदलण्यावर तीन महिन्यांतून एकदाच अशी मर्यादा घातली, आणि नव्या देशाचं पैसे भरण्याचं साधन वापरून खरेदी पूर्ण झाल्याशिवाय तो बदल होतच नाही. अ‍ॅपलच्या खात्यात थोडी जरी रक्कम शिल्लक असेल तर ती संपेपर्यंत देश बदलता येत नाही, चालू वर्गण्याही आधी बंद कराव्या लागतात. नेटफ्लिक्सवर खरोखर दुसऱ्या देशात राहायला गेल्याशिवाय खात्याचा देश बदलतच नाही. तुम्हाला मिळालेला नकार यांपैकी कशामुळे आहे ते तुमच्या सेवेच्या मदत-पानावर शोधा. कारण काहीही असलं तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. प्रत्येक प्रयत्नाची नोंद होते, आणि महिन्याभरात तीनदा देश बदलू पाहणारं खातं स्वस्त दर शोधणाऱ्यांच्या गटात जाऊन बसतं.

थोडक्यात उजळणी करायची तर: पडद्यावरची सूचना पत्त्यामुळे, पासवर्डाचा ईमेल हालचालीमुळे, देशाचा नकार पैशांमुळे. बंद होण्याची भीती पहिल्यात नगण्य, दुसऱ्यात तात्पुरती, आणि तिसऱ्यात तुम्ही चुकीचा देश सांगून वर्गणी घेतली असेल तरच खरी. तुम्ही आपल्या मूळ देशाच्या दरानेच पैसे भरताय असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. तसं असेल तर तुमचं खातं वाचवण्यासारखं आहे.

आता करायचं काय, ते मी माझ्या ग्राहकांना सांगते त्याच क्रमाने सांगते.

सगळ्या उपकरणांवरचं व्हीपीएन बंद करा. फोनवर बंद करून लोक थांबतात आणि राउटरवर किंवा टीव्हीवर घातलेलं विसरतात. टीव्हीच्या नेटवर्क सेटिंगमध्ये, तुम्ही दुसऱ्या देशात असल्याचं भासवणाऱ्या 'स्मार्ट डीएनएस' सेवेसाठी हाताने आकडे टाकले असतील तर ते काढून डीएनएस आपोआप मिळण्यावर ठेवा. ब्राउझरमध्ये व्हीपीएनचं एक्स्टेन्शन असेल तर तेही. मग घरच्या वाय-फायवरून संगणकाच्या टर्मिनलमध्ये, विंडोजवर कमांड प्रॉम्प्टमध्ये, या ओळी एकेक करून चालवून बघा:

```
curl https://ipinfo.io/json
curl -4 https://icanhazip.com
curl -6 https://icanhazip.com
```

पहिल्या ओळीच्या उत्तरात `country` समोर तुमचा देश आणि `org` समोर तुमच्या इंटरनेट कंपनीचं नाव दिसायला हवं. तिथे एखाद्या होस्टिंग कंपनीचं नाव दिसलं तर व्हीपीएन कुठेतरी अजून चालू आहे. पुढच्या दोन ओळी जुन्या आणि नव्या पद्धतीचा पत्ता वेगवेगळा दाखवतात. तिसरी ओळ चूक दाखवून थांबली तर घाबरू नका, तुमच्या कंपनीने आयपीव्ही6 दिलेलं नसेल. या दोन ओळी मी मुद्दाम दिल्यात. काही व्हीपीएन फक्त आयपीव्ही4 वळवतात आणि आयपीव्ही6 तसंच घरून बाहेर जाऊ देतात. मग एकाच क्षणी तुम्ही दोन देशांत दिसता. 'माझं व्हीपीएन चालू असूनही त्यांना माझा खरा देश कसा कळला' अशा तक्रारींतला मोठा भाग मी याच गळतीपर्यंत नेऊन पोचवला आहे. फोनच्या अ‍ॅपला लोकेशनची परवानगी दिली असेल तर तीही अशीच आतून खरं सांगते.

पत्ता नीट दिसला की पासवर्ड बदला. ईमेलमधल्या दुव्यावर टिचकी मारू नका, अ‍ॅप किंवा साइट स्वतः उघडून तिथून बदला. 'पासवर्ड बदला' हे खोट्या ईमेलचंही आवडतं वाक्य आहे आणि तुम्ही सध्या तसा ईमेल खरा मानायला तयार आहात. त्यानंतर खात्यातली उपकरणांची यादी उघडा आणि अनोळखी असेल ते काढा. ती यादी वाचताना व्हीपीएनचे देश ओळखता यायला हवेत: तुम्ही जोडलेला देश आणि तीच वेळ असेल तर ते तुम्हीच. तुम्ही कधीच न जोडलेल्या देशातलं, तुमच्याकडे नसलेल्या बनावटीचं उपकरण दिसलं, तर चोरीची शंका खरी होती असं समजा आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर तिथेही बदला.

तरीही खातं रोखलेलंच असेल तर मदत-केंद्राला लिहा, आणि व्हीपीएन लावलं होतं हे सरळ सांगा. लोक इथे कचरतात. पण समोरच्या माणसाच्या पडद्यावर ते आधीच दिसत असतं. तुम्ही नाकारलंत की त्याला ते जपानमधलं लॉगिन परकं म्हणूनच नोंदवावं लागतं, आणि प्रकरण चोरीच्या तपासाकडे जातं. "अमुक तारखेला रात्री मी व्हीपीएन वापरत होतो, ती लॉगिन माझीच आहेत, आता ते बंद केलंय, खात्याचा देश आहे तोच राहू द्या," एवढं लिहिलं की तपास करणाऱ्याचं काम संपतं. मी स्वतः अशी पत्रं त्याच दिवशी निकाली काढते.

तुम्ही व्हीपीएन गोपनीयतेसाठी किंवा ऑफिसच्या कामासाठी वापरत असाल तर ते टाकून द्यायची गरज नाही. बऱ्याच व्हीपीएन अ‍ॅपमध्ये 'स्प्लिट टनेलिंग' नावाची सोय असते. तिथे व्हिडिओचं अ‍ॅप वगळा, म्हणजे बाकी सगळं व्हीपीएनमधून जाईल आणि ते अ‍ॅप घरच्या पत्त्यावरून. आपल्याच देशातला व्हीपीएन सर्व्हर निवडणं हा त्यावरचा उपाय नाही. पत्ता देशातला असला तरी तो डेटा सेंटरचाच असतो.

इथे एक कळकळीची सूचना. 'घरगुती पत्ते देणारं व्हीपीएन घ्या, ते पकडलं जात नाही' असा सल्ला तुम्हाला नक्की मिळेल. तो घेऊ नका. ते पत्ते खरोखर कुणाच्या तरी घरचे असतात, आणि पुष्कळदा त्या घरातल्यांना माहीतही नसतं की एखाद्या फुकट अ‍ॅपच्या आडून त्यांची जोडणी भाड्याने दिली गेली आहे. ऑगस्ट 2021 मध्ये नेटफ्लिक्सने असे घरगुती पत्तेही अडवायला सुरुवात केली, तेव्हा कधी व्हीपीएन न वापरलेल्या घरांतला कॅटलॉगही आटल्याच्या तक्रारी आल्या. पत्ता तुम्ही वापरता आणि भोगतं दुसरंच कुणीतरी. शिवाय वर सांगितलेला अशक्य प्रवास त्याने मुळीच टळत नाही.

तुम्ही काही दिवस खरोखर परदेशी असाल तर व्हीपीएनशिवाय बहुतेक सेवांवर तुम्ही असाल त्या देशाचा कॅटलॉग आपोआप दिसतो, खात्याचा देश न बदलता. युरोपीय संघाच्या आत फिरताना तर 1 एप्रिल 2018 पासून पैसे भरणाऱ्या ग्राहकाला आपल्या घरच्या देशाचाच कॅटलॉग दाखवणं सेवेला बंधनकारक आहे. कायमचं स्थलांतर झालं असेल तर आधी तिथलं पैसे भरण्याचं साधन मिळवा आणि मग देश बदला. उलट क्रमाने गेलात तर मध्येच अडकाल.

राहिली एक शक्यता. सगळं बंद केलं, वरच्या तपासणीत देश आणि कंपनी बरोबर आली, आणि तरी सूचना येतेच आहे. मग तुमच्या इंटरनेट कंपनीने दिलेला पत्ता आधी कुणीतरी प्रॉक्सीसाठी वापरलेला असू शकतो आणि शिक्का अजून निघालेला नसतो. राउटर काही वेळ बंद ठेवून सुरू केल्यावर पुष्कळदा नवा पत्ता मिळतो. तो बदलला नाही तर सेवेच्या मदत-केंद्राला तुमचा आयपी पत्ता, सूचनेवरचा कोड आणि सूचना आली ती वेळ मिनिटापर्यंत, कुठल्या टाइमझोनची ते लिहून कळवा, आणि तीच माहिती इंटरनेट कंपनीलाही द्या. वेळ नेमकी नसेल तर नोंदींत तो क्षण सापडत नाही आणि उत्तरादाखल 'व्हीपीएन बंद करा' एवढंच ठरावीक वाक्य येतं.